टॅटू, वायर आणि फोटोग्राफरला एक मेसेज

"सर, फोटो एकदम मस्त आलेत! फक्त तो टॅटू आणि मागची वायर काढून टाका ना, प्लीज." ऑफिसात जाऊन कर्मचाऱ्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्यासारख्यांना असा मेसेज वरचेवर येतो. त्यात 'सर' आहे, कौतुक आहे, 'प्लीज'ही आहे. सभ्यतेत कुठे कमी नाही. पण हा मेसेज वाचून कामाला हात घालता येत नाही. दिलेल्या बारा फोटोंपैकी कुठल्या फोटोत? टॅटू पूर्ण घालवायचा की नजरेत भरू नये इतपत फिका करायचा? फोटो लावायचा कुठे आहे? मग मी उलट विचारतो, समोरून संध्याकाळी उत्तर येतं, त्यातून आणखी एक प्रश्न निघतो आणि अर्ध्या तासाच्या कामाला तीन दिवस लागतात.

दुसरी अडचण जास्त खोलची आहे. टॅटू आणि वायर एका वाक्यात आले तरी त्या एका जातीच्या मागण्या नाहीत. वायर फ्रेममध्ये राहिली ही फोटोग्राफरची चूक. बटण दाबण्याआधी मागची भिंत बघणं हे त्याचं काम आहे, आणि ती वायर तेव्हा हाताने बाजूला सारली असती तर प्रश्नच उरला नसता. टॅटू मात्र कोणाचीच चूक नाही. तो माणसाच्या अंगावर आहे, फोटोत जसा आहे तसा आला. तो काढून मागणं म्हणजे ठरलेल्या कामापेक्षा जास्तीचं काम मागणं. पहिली गोष्ट हक्काने सांगावी, दुसरी विचारावी. मेसेज नीट लिहायचा तर हा फरक मनात पक्का हवा.

बाणेरमधल्या एका कंपनीचं उदाहरण घेतो. मीटिंग रूममध्ये आठ जणांचे फोटो काढायचे होते. मागे फिकट राखाडी भिंत, तिच्यावर मोठा टीव्ही. टीव्ही फ्रेमबाहेर जाईल असा कॅमेरा लावला, पण त्याची काळी केबल भिंतीवरून खाली लोंबत होती आणि त्यातल्या एका मॅडमच्या फोटोत ती त्यांच्या खांद्याच्या वर दिसत राहिली. त्यांच्या मानेवर, कानाच्या जरा खाली, तीन छोट्या पक्ष्यांचा टॅटू आहे. केस मागे घेतल्यामुळे तो स्पष्ट दिसत होता. पहिला मेसेज आला तो वर लिहिला तसाच, आणि सोबत व्हॉट्सॲपवरून एक फोटो. त्या फोटोचं नाव होतं IMG-20250616-WA0007.

इथेच गाडी अडते. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करतं आणि त्याचं मूळ नाव पुसून स्वतःचं नाव देतं. त्यात तारीख आणि त्या दिवशीच्या फाईलचा क्रमांक एवढंच असतं. माझ्या हार्ड डिस्कवर या नावाची फाईल नसतेच. कॅमेऱ्याने दिलेलं नाव DSC_4127 असं काहीतरी असतं. एका माणसाचे चाळीस फोटो काढलेले असतात आणि लागोपाठच्या चार फोटोंत फरक असतो तो फक्त हनुवटीच्या किंचित कलाचा. नुसतं बघून "हाच तो" म्हणणं धोक्याचं. एकदा चुकीच्या फोटोवर तासभर काम झालं की ते वाया जातं. म्हणून मेसेजमध्ये सगळ्यात आधी काय हवं असेल, तर फोटोग्राफरने पाठवलेल्या फोल्डरमधलं फाईलचं नाव. ते टाइप करावं, म्हणजे वाटेत बदलत नाही.

दुसरा घोळ डाव्या-उजव्याचा. "उजव्या बाजूचा टॅटू" म्हणजे तुमच्या उजव्या मानेवरचा की फोटोच्या उजव्या अर्ध्या भागातला? समोरून काढलेल्या फोटोत हे दोन्ही नेमके उलट असतात. ज्याच्या दोन्ही हातांवर टॅटू आहेत आणि एकच काढायचा आहे, त्याच्या बाबतीत हा गोंधळ महागात पडतो. "फोटो बघताना डावीकडे" असे चार शब्द लिहिले की विषय संपतो. त्याहून बरं म्हणजे फोटो मोबाइलवर उघडून त्या जागेभोवती बोटाने गोल काढायचा आणि तो स्क्रीनशॉट जोडायचा. हा स्क्रीनशॉट जागा दाखवण्यापुरता. काम त्याच्यावर करायचं नसतं, त्यामुळे तो कितीही लहान झाला तरी हरकत नाही.

दोन-तीन प्रश्न विचारून झाल्यावर बाणेरच्या मॅडमनी दुसऱ्या दिवशी जो मेसेज पाठवला तो असा होता. असा नेटका मेसेज मला क्वचित येतो.

"नमस्कार सर. सोमवारी फोटो मिळाले, सगळ्यांना आवडले. माझ्या फोटोंपैकी DSC_4127 नक्की केला आहे. त्यात दोन गोष्टी करून मिळतील का?

मागच्या भिंतीवर टीव्हीची काळी केबल दिसते आहे. फोटो बघताना उजवीकडे, खांद्याच्या वर. ती कृपया काढून द्या.

दुसरं म्हणजे माझ्या मानेवरचा टॅटू, बघताना डावीकडे कानाखाली. कंपनीच्या प्रपोजलमध्ये फोटो जाणार आहे, तिथे तो नसावा असं मला वाटतं. पूर्ण काढता येईल का? त्याच्या शेजारी एक तीळ आहे, तो मात्र राहू द्या. हे काम ठरलेल्या एडिटिंगमध्ये बसत नसेल तर जास्तीचे किती होतील ते आधी कळवा, मी मंजुरी घेते.

फोटो वेबसाइटवर चौकोनी आणि प्रपोजलमध्ये उभा छापून, असा दोन ठिकाणी वापरायचा आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत मिळाला तर डिझायनरला वेळेत देता येईल. तेवढ्यात जमणार नसेल तर कधी जमेल ते सांगा. दोन्ही जागा गोल करून स्क्रीनशॉट जोडला आहे. धन्यवाद."

यात केबलसाठी त्यांनी "कृपया काढून द्या" लिहिलं आणि टॅटूसाठी "काढता येईल का" विचारलं. मला दोष दिला नाही, "केबल कशी काय राहिली" असंही म्हटलं नाही, पण ती काढून मिळेल हे गृहीत धरलं, आणि ते बरोबरच होतं. केबलचे पैसे मी घेत नाही. कोणत्याही फोटोग्राफरने घेऊ नयेत असं माझं मत आहे. टॅटूचं तसं नाही. ठरलेल्या एडिटिंगमध्ये साधारण रंग-उजेड नीट करणं, एखादी पुटकुळी, कपाळावर आलेली चुकार बट, कोटावरचा धागा एवढं येतं. टॅटू त्याच्या बाहेर असतो. त्यामुळे "आधी कळवा" या शब्दांनी दोघांचाही संकोच गेला.

आता काम प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो, कारण ते कळलं की मेसेजमध्ये तीळ आणि प्रपोजल यांचा उल्लेख किती मोलाचा होता हे लक्षात येईल.

केबलचं बघू. फोटो फक्त वेबसाइटच्या चौकोनात बसवायचा असता तर ती कदाचित पुसावीच लागली नसती. चेहऱ्याभोवती जरा घट्ट कापला की खांद्याबाहेरची केबल आपोआप बाहेर जाते. पण प्रपोजलमध्ये पूर्ण उभा फोटो जायचा होता, म्हणून ती काढणं भाग होतं. मोकळ्या भिंतीवरची केबल हे पाच मिनिटांचं काम. फोटोशॉपमधल्या क्लोन स्टॅम्पने शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलायचा आणि केबलवर ठेवायचा. अडचण दोन ठिकाणी येते. भिंत आपल्याला एका रंगाची वाटते, पण दिवा एका बाजूने लावलेला असतो म्हणून ती एका टोकाला उजळ आणि दुसऱ्या टोकाला गडद असते. लांबून तुकडा उचलला तर तिथे पुसट डाग दिसतो. दुसरी अडचण केसांची. केबल केसांच्या मागून जात असेल तर मोकळ्या भुरभुऱ्या केसांमधून तिचे काळे ठिपके दिसत राहतात. ते घालवताना केसही जातात आणि डोक्याची कड कात्रीने कापल्यासारखी होते. या फोटोत केस मागे घेतलेले असल्यामुळे ती वेळ आली नाही. मात्र केबल भिंतीपासून जराशी सुटलेली होती, त्यामुळे तिची एक फिकी सावली तिच्या शेजारी पडली होती. नवखा माणूस केबल पुसतो आणि सावली ठेवतो. मग भिंतीवर कशाचीच नसलेली एक रेघ उरते.

टॅटूचं काम वेगळंच. त्वचेवर नुसता शेजारचा तुकडा आणून ठेवला तर ठिगळ दिसतं, कारण मानेवर उजेड दर सेंटीमीटरला बदलतो. जबड्याखाली सावली, पुढे उजेड, कॉलरजवळ परत सावली. यासाठी फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश आहे. 2002 साली फोटोशॉप 7 मध्ये तो आला आणि चेहऱ्याचं रिटचिंग कायमचं बदललं. तो ब्रश जिथून उचलतो तिथला फक्त पोत घेतो, म्हणजे त्वचेची रंध्रं, बारीक लव. रंग आणि उजेड मात्र जिथे लावायचा त्या जागेच्या आजूबाजूचा घेतो. गालावर हे छान जमतं. पण टॅटू कॉलरला किंवा केसांना टेकलेला असेल, तर 'आजूबाजूचा रंग' म्हणून तो काळ्या कॉलरचा रंगही ओढून आणतो आणि त्वचेवर शाई सांडल्यासारखा डाग पडतो. कडेला म्हणून क्लोन स्टॅम्प आणि मध्ये हीलिंग ब्रश, असं दोन्ही वापरावं लागतं.

बारीक रेषांच्या टॅटूत एक सोय असते. शाई त्वचेच्या आतल्या थरात असते, वरची रंध्रं आणि लव तशीच असतात आणि फोटोत दिसतातही. म्हणून आम्ही फोटोचे दोन थर करतो. एकात रंग आणि छाया, दुसऱ्यात पोत. या पद्धतीला फ्रीक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. रंगाच्या थरातली निळसर काळी छटा शेजारच्या कातडीच्या रंगाने भरून घेतली की बराचसा टॅटू जातो, आणि पोत त्या माणसाचा स्वतःचाच राहतो. रेषेची धारदार कड तेवढी पोताच्या थरात उरते, ती वेगळी काढावी लागते. याउलट गच्च काळा भरलेला मोठा टॅटू असेल तर त्या काळ्यात पोत जवळपास दिसतच नाही. तो सगळा दुसरीकडून आणावा लागतो. पूर्ण हातभर असा टॅटू काढायला दोन-तीन तास लागू शकतात, आणि इतकं करूनही हात थोडा मेणाचा वाटतोच. अशा वेळी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून परत फोटो काढणं स्वस्त पडतं, आणि मी तसं सांगतो.

तीन पक्षी काढायला मला पाऊण तास लागला. शेजारचा तीळ राहू द्या हे लिहिलं नसतं तर तोही गेला असता, कारण काम करताना तो शाईच्या ठिपक्यासारखाच दिसत होता. तीळ, व्रण, गालावरची खळी या गोष्टी त्या माणसाच्या ओळखीच्या असतात. काय काढायचं याबरोबर काय राहू द्यायचं हेही लिहावं ते यासाठी.

काम झाल्यावर फोटोग्राफर बघायला एक प्रत पाठवतो. ती मोबाइलवर बघून "मस्त, डन" असं लिहू नये. लॅपटॉपवर उघडून शंभर टक्के आकारात बघावी आणि नजर ठरावीक जागी न्यावी: टॅटू होता ती जागा आणि कॉलर जिथे भेटते ती कड, केबल होती तिथली भिंत, तिची सावली. त्वचेचा एखादा तुकडा शेजारच्यापेक्षा गुळगुळीत वाटतो का? भिंतीवर एकच ठिपका किंवा एकच ओरखडा दोनदा दिसतो का? क्लोन स्टॅम्पची चोरी नेहमी अशा पुनरावृत्तीतून पकडली जाते. ऑगस्ट 2006 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बैरुतवरच्या हवाई हल्ल्याचा एक फोटो मागे घेतला, तो त्यातल्या धुरामुळेच. धूर जास्त दिसावा म्हणून त्याचे लोट क्लोन केले होते आणि तेच ते आकार पुन्हा पुन्हा आलेले वाचकांच्या लक्षात आले. बातमीच्या फोटोत असं करणं हा गुन्हाच. ऑफिसच्या फोटोत तो फक्त ढिसाळपणा ठरतो, पण डोळ्याला तो तसाच खटकतो.

आमच्या त्या फोटोत एक गोष्ट माझ्याकडून नव्हे, मॅडमकडूनच सुटली होती. वेबसाइटवर एकट्याच्या फोटोंच्या वर सगळ्यांचा एकत्र फोटो जाणार होता आणि त्यात पक्षी स्पष्ट दिसत होते. एका पानावर एका फोटोत टॅटू आहे आणि खालच्या फोटोत नाही, हे विचित्र दिसतं. मी विचारलं तेव्हा तो दुसरा फोटोही कामात आला. म्हणून मेसेज लिहिण्याआधी त्या माणसाचे आणखी कोणते फोटो कुठे जाणार आहेत ते आठवावं आणि सगळ्यांची नावं एकदमच द्यावीत.

आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे ती. बाणेरच्या मॅडमनी स्वतःचा टॅटू स्वतः काढायला सांगितला. पुष्कळदा हा मेसेज एचआरकडून येतो आणि ज्याच्या अंगावर टॅटू आहे त्याला त्याचा पत्ताच नसतो. एका ऑफिसात सगळ्यांचेच फोटो काढले होते, हाउसकीपिंगच्या मावशींचेही. यादी आली त्यात मावशींच्या नावापुढे "हनुवटीवरचे डाग काढणे" असं लिहिलं होतं. ते डाग नव्हते. ते गोंदण होतं, लहानपणी गावी गोंदवून घेतलेलं. मी फोन करून "मावशींना विचारलंय का" असं विचारलं. विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्या नाही म्हणाल्या आणि फोटो जसा होता तसा लागला. वायर कुणालाही न विचारता काढता येते. अंगावरची खूण त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय मी काढत नाही. एचआरकडून मेसेज जात असेल तर त्यात "त्यांच्याशी बोलणं झालं आहे" हे वाक्य हवंच.

फोटोचे पैसे आपण दिले, मग फोटोग्राफरला कशाला विचारायचं, मोबाइलवरच पुसून टाकू, असंही काही जण म्हणतात. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 17 नुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो, पण वेगळा करार झालेला नसेल तरच. आणि बरेच फोटोग्राफर करारात वेगळं लिहून घेतात. शिवाय हक्क गेला तरी कलम 57 प्रमाणे आपल्या कामाची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर फोटोग्राफर हरकत घेऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी साधं कारण आहे. तुमच्याकडे असतो तो दाबून लहान केलेला जेपीजी. फोटोग्राफरकडे मूळ रॉ फाईल असते, तिच्यात सावलीतला रंगही शाबूत असतो. मानेवरच्या बारीक छटा तिथेच नीट जुळतात.

आणि हे सगळं फक्त वेबसाइट, प्रपोजल, व्हिजिटिंग कार्ड, लिंक्डइन एवढ्यापुरतं. टॅटू काढलेला तोच फोटो व्हिसाच्या अर्जाला लावायचा विचार करू नये. अमेरिकेच्या व्हिसाच्या नियमांत फोटोतला चेहरामोहरा संगणकावर बदललेला चालत नाही हे स्पष्ट लिहिलं आहे. इमिग्रेशनच्या खिडकीशी उभ्या माणसाच्या मानेवर टॅटू असतो आणि फोटोत नसतो, ही अडचण कोणी विकत घेऊ नये.

मेसेजच्या शेवटी आणखी एक वाक्य घालता येतं, ते फारसं कुणी घालत नाही. "टॅटू असलेली पण केबल काढलेली प्रतही द्याल का?" टॅटूचं काम वेगळ्या थरावर केलेलं असतं, तो थर बंद केला की दुसरी प्रत मिनिटभरात निघते. मात्र फाईल बंद करून थर एकत्र केले की ते जमत नाही, म्हणून हे आधीच सांगावं. मॅडमना मी दोन्ही प्रती पाठवल्या. प्रपोजलमध्ये एक गेली, आणि लिंक्डइनवर त्यांनी पक्ष्यांसकटची लावली आहे.